नवरीच्या भावाचं रिसेप्शनमधलं भाषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या ताईचं रिसेप्शन म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉनवर झालं. सासरची मंडळी सांगलीची. तिथे मी साडेतीन मिनिटं बोललो आणि त्यासाठी तीन आठवडे तयारी केली. पुढे आतेभाऊ, मित्र, मित्रांचे मित्र असे पुण्यातले बरेच भाऊ लग्नाच्या आदल्या आठवड्यात मला फोन करू लागले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

सकाळी लाजाहोम, कानपिळी सगळं झालेलं असतं. मग संध्याकाळी भावानं पुन्हा बोलायचं कशासाठी?

सकाळच्या विधींत भावाला मान असतो, पण तो मूकपणे. बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या, नवरदेवाचा कान पिळायचा, मानाचे कपडे घ्यायचे. हे सगळं होमाभोवती बसलेली वीस-तीस माणसंच बघतात, कारण बाकीचे तोवर पंगतीकडे वळलेले असतात. दोन्ही घरं एका जागी, एकमेकांकडे तोंड करून बसलेली अशी दिवसभरात एकदाच सापडतात, ती संध्याकाळी. तेव्हा आईवडील दाराशी पाहुण्यांच्या स्वागतात अडकलेले असतात आणि बहीण स्टेजवर उभी असते. दोन्ही घरांना नमस्कार करून जोडप्याला शुभेच्छा द्यायला घरचं मोकळं माणूस म्हणजे भाऊच.

लिहायला बसण्याआधी काय विचारून घ्यावं?

रिसेप्शन कोणाचं आहे ते. ऐकायला फार साधी गोष्ट वाटते, पण बहुतेक भाषणं इथेच घसरतात.

पुण्यात तीन प्रकार दिसतात. लग्न मुलीकडच्यांनी करून दिलं आणि संध्याकाळचं रिसेप्शन मुलाकडच्यांचं, हा एक. दोन्ही घरांनी खर्च वाटून घेतला आणि सकाळ-संध्याकाळ मिळून एकच कार्य केलं, हा दुसरा. आणि सासर परगावचं असेल तर तिकडे त्यांचं रिसेप्शन वेगळं होतं, पुण्यातलं मुलीच्या घरचं, हा तिसरा.

पहिल्या प्रकारात तुम्ही पाहुणे असता. ‘आपलं सर्वांचं स्वागत’ आणि ‘जेवल्याशिवाय कोणी जाऊ नका’ ही यजमानाची वाक्यं आहेत. पाहुण्यानं ती म्हटली की मुलाच्या वडिलांच्या तोंडचा मान त्यानं नकळत स्वतःकडे घेतलेला असतो. तिथे आधी त्यांचे आभार मानायचे : ‘आज तुम्ही आम्हाला आणि आमच्या सगळ्या माणसांना मानानं बोलावलंत.’ दुसऱ्या प्रकारात ‘दोन्ही कुटुंबांतर्फे’ म्हणायचं. तिसऱ्यात मात्र तुम्ही यजमान आहात, म्हणून स्वागतही करा आणि जेवायचा आग्रहही करा. आमचं कार्य तिसऱ्या प्रकारचं होतं.

आधी कोणाला नमस्कार करायचा?

आपलं घर यजमान असेल तर आधी सासरची मंडळी, मग आपली. सासरच्यांमध्ये वयानं सगळ्यात मोठं जे माणूस समोर बसलंय, तिथून सुरुवात करा. आजी असतील तर आजी, मग मुलाचे आईवडील. यजमान ते असतील तरीही सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. आपल्या घरच्यांना एका वाक्यात गुंडाळलं तरी ते रागवत नाहीत, पण तिकडच्या आजी राहून गेल्या तर ती गोष्ट पुढे वर्षभर निघते.

नावांची यादी मात्र वाचू नका. यादी वाचली की जी नावं आली त्यांच्यापेक्षा जी राहिली तीच लक्षात राहतात. तीन-चार माणसांचा उल्लेख करा, आणि प्रत्येकाचा काहीतरी कारण देऊन. बाकी सगळ्यांना ‘सांगलीहून आलेली सगळी मंडळी’ या एका शब्दप्रयोगात मनापासून घ्या.

नवरदेवाला आणि त्याच्या आईवडिलांना काय म्हणून हाक मारायची?

घरात जे म्हणता तेच. पेठेतल्या घरांत बहुधा जिजाजी किंवा सरळ नाव असतं, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे दाजी. लग्न ठरल्यापासून तुम्ही नावानं हाक मारत असाल आणि माइकवर अचानक ‘आदरणीय जिजाजी’ म्हणालात, तर तुमच्या बहिणीलाच ते कोणाबद्दल चाललंय असं वाटेल. धाकट्या बहिणीचा नवरा असेल, घरात अरेतुरे असेल, तरी त्याच्या वडीलधाऱ्यांसमोर माइकवर त्याला अहोजाहो करा. तो त्याला दिलेला मान नसतो, समोर बसलेल्या त्याच्या घराला दिलेला असतो.

‘व्याही’ आणि ‘विहीणबाई’ हे शब्द आपल्या आईवडिलांचे. भावाच्या तोंडी ते चुकीचेच लागतात. त्यानं काका-काकू म्हणावं, किंवा तिकडच्या पद्धतीप्रमाणे मामा-मामी.

सासरकडच्या माणसांबद्दल आपल्याला माहिती असते कुठे? बोलायचं काय?

ही माहिती नणंदेकडून घ्या. नवरदेवाला विचारलं तर तो ‘सगळ्यांचंच नाव घे’ म्हणतो, त्याचे आईवडील संकोचानं काहीच सांगत नाहीत. नवरदेवाच्या बहिणीला, ती नसेल तर एखाद्या चुलतबहिणीला, तीन प्रश्न विचारा. त्याला लहानपणी कोणी सांभाळलं? घरात कोणाचं नाव घेतलं तर सगळ्यांना बरं वाटेल? कोणत्या विषयाला हात लावायचा नाही?

माझ्या पहिल्या मसुद्यात दाजींचे आईवडील होते, आजी होत्या, आणि आपलं काम झालं असं मी धरून चाललो होतो. ताईच्या नणंदेनं फोनवर सहज सांगितलं की दाजी इंजिनिअरिंगची चारही वर्षं सहकारनगरला आत्याकडे राहिले. डबा, परीक्षेच्या रात्री, डेंग्यू झाला तेव्हाचं जागरण, सगळं आत्यानं केलं. मी ते वाक्य भाषणात घातलं. बोलताना आत्या चौथ्या रांगेत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांच्या शेजारच्या दोन बायकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, हे मला स्टेजवरून दिसलं. नंतर दाजींचे वडील माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘हे आम्ही कधी तिला बोलून दाखवलं नव्हतं.’

सासरबद्दल असं एकच खरं वाक्य मिळालं तरी पुरतं. ‘अतिशय सुसंस्कृत कुटुंब’ हे कोणत्याही लॉनवर कोणत्याही कुटुंबाबद्दल म्हणता येतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही.

किती वेळ बोलावं आणि नेमकं कधी?

तीन मिनिटं, फार तर चार. मोठ्यानं, थांबत थांबत वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलं तर वेळ निम्माच भरतो आणि फसगत होते.

वेळ सातची छापलेली असली तरी गर्दी आठ ते नऊमध्ये असते. एकदा भेटायची रांग लागली की स्टेजवर फोटो, हातात पाकिटं, रांगेत दमलेली लहान मुलं. तेव्हा कोणीही ऐकत नाही. म्हणून जोडपं स्टेजवर आलं, दोन्ही घरच्यांचा पहिला फोटो झाला, की लगेच. आमच्याकडे ती वेळ पावणेआठची आली. ‘शेवटी बोलू, जवळची माणसंच राहतात’ असं बरेच जण म्हणतात, पण परगावची मंडळी तोवर निघालेली असतात. सांगलीची बस साडेनऊला सुटणार होती, पुढे चार-पाच तासांचा रस्ता. शिवाय उघड्या लॉनवर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे शेवटी धरलेली वेळ हातातून निसटते.

फोटोग्राफरला आणि स्टेजखाली रांग लावून देणाऱ्या आपल्या माणसाला आधी सांगून ठेवा. नाहीतर तुमच्या दुसऱ्या वाक्याला पहिली चार माणसं स्टेजवर चढलेली असतील.

टोस्ट म्हणजे ग्लास उंचवायचा ना? कार्यालयात ते कसं जमवायचं?

मंगल कार्यालयात दारू नसते, आणि तिची गरजही नाही. अडचण निराळीच येते : निम्म्या लोकांच्या हातात ताट, म्हातारी माणसं खुर्चीत, ‘सगळ्यांनी उभं राहा’ म्हटलं तर नुसती खुर्च्यांची ओढाओढ.

आम्ही केटररला सांगून पुढच्या दोन रांगांत, म्हणजे दोन्ही घरच्या जवळच्या चाळीसेक माणसांना, पन्ह्याचे छोटे ग्लास दिले. मे महिना होता. थंडीत मसाला दूध चालेल, एरवी पीयूष. ग्लास भाषण सुरू व्हायच्या आधी हातात पोचले पाहिजेत. मध्येच ट्रे फिरायला लागले की सगळे ट्रेकडे बघतात. बाकीच्यांना टाळ्यांत सामील करून घ्या.

मी धाकटा भाऊ आहे. ‘नांदा सौख्यभरे’ म्हणू का?

एकट्यानं म्हणू नका. तो वडीलधाऱ्यांनी द्यायचा आशीर्वाद आहे. धाकट्यानं शुभेच्छा द्याव्यात आणि आशीर्वाद मागून घ्यावा. पण यातच एक सुरेख वाट आहे : ते शब्द तुम्ही सुरू करायचे आणि समोरच्यांना म्हणायला लावायचे. मग आशीर्वाद त्यांचा होतो, आणि शेवट कसा करायचा हा प्रश्नही सुटतो. मोठा भाऊ असाल तर स्वतःच म्हणा, तुमचा तो हक्क आहे.

कोणती वाक्यं टाळावीत?

‘आमची मुलगी तुम्हाला दिली’, ‘आजपासून ती तुमची जबाबदारी’, ‘परक्याचं धन’. बोलणाऱ्याच्या मनात माया असते हे मला माहीत आहे. पण ती कमावती, स्वतःच्या मनानं हे लग्न करणारी बाई शेजारी उभी असते, आणि तिच्याबद्दल वस्तूसारखं बोललं जात असतं. त्याऐवजी ‘आमच्या घरात एक माणूस वाढलं’ म्हणा. ते खरंही असतं.

‘तिला काही कमी पडू देऊ नका, चुकलं तर सांभाळून घ्या’ हेही नको. चारशे माणसांसमोर आपल्या बहिणीतर्फे आगाऊ माफी मागितल्यासारखं होतं. रंग, वजन, पगार, स्थळं बघतानाच्या गोष्टी, आधीचं प्रेमप्रकरण यांवर विनोद करायचाच नाही. लहानपणीची एखादी गंमत सांगायची असेल तर ती आदल्या दिवशी बहिणीला ऐकवा, आणि तिनं नाही म्हटलं की काढून टाका.

वडील हयात नाहीत. उल्लेख करावा का?

करावा, सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही. मधे, एका वाक्यात. माझ्या एका मित्रानं म्हटलं होतं, ‘आज दाराशी स्वागताला उभं राहायचं काम बाबांचं होतं; ते काकांनी केलं.’ त्यात वडीलही आले आणि काकांचे आभारही. तो लगेच पुढच्या वाक्यावर गेला. असं वाक्य आईला आधी ऐकवून ठेवा, तिला ते माइकवरून पहिल्यांदा कळू नये.

सासर दुसऱ्या भाषेचं असेल तर?

नमस्काराचं एक वाक्य त्यांच्या भाषेत, बाकी मराठीत किंवा दोघांना कळेल त्या हिंदीत. ते वाक्य नणंदेकडून आवाजात रेकॉर्ड करून मागवा आणि आठवडाभर ऐका. लिहून मागवलं तर उच्चार हमखास चुकतो.

माइकची भीती वाटते. मोबाइलवरून वाचलं तर चालेल?

कागद बरा. मोबाइलचा स्क्रीन मधेच झोपतो, त्याच वेळी कोणाचा तरी फोन येतो, आणि फोटोत चेहऱ्यावर खालून निळा उजेड पडतो. पोस्टकार्डाएवढी तीन कार्डं करा, अक्षर मोठं, एका बाजूलाच लिहिलेलं, कोपऱ्यात आकडा.

माइक तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या किंचित खाली. जाळीवर मूठ धरायची नाही, आणि स्पीकरच्या समोर जायचं नाही. शिट्टी वाजते ती या दोन कारणांनी. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला भेटून दोन गोष्टी सांगा : माइकचे सेल नवे घाला, आणि मी हात वर केला की सनई पूर्ण बंद करा. हळू केलेली सनईसुद्धा लॉनवर बोलण्यात मिसळते. पहिलं वाक्य मुद्दाम कमी महत्त्वाचं ठेवा, कारण लोक वळून बघेपर्यंत ते वाया जाणारच असतं.

बोलताना गळा दाटून आला तर?

थांबा. माइक खाली घ्या, पाण्याचा घोट घ्या, मग कार्डावरचं पुढचं वाक्य वाचा. रडू बहुतेक वेळा बहिणीकडे बघितल्यावर येतं, म्हणून भावनेच्या वाक्याच्या लगेच पुढे एखादं साधं, माहितीचं वाक्य ठेवावं, ज्यात कोणाचं नाव किंवा गावाचा उल्लेख आहे. ते वाचताना आवाज जागेवर येतो. ‘माफ करा’ म्हणू नका, त्यात माफी मागण्यासारखं काही नाही.

तुमचं भाषण वाचायला मिळेल का?

हो. नावं काढून, बाकी जसंच्या तसं :

‘नमस्कार. दोन मिनिटं सगळ्यांनी इकडे लक्ष द्यावं, मी नवरीचा धाकटा भाऊ. आजी, तुम्ही सांगलीहून एवढा प्रवास करून आलात, तुम्हाला माझा पहिला नमस्कार. काका, काकू आणि पहाटे तीनला बसमध्ये बसून वेळेआधी अर्धा तास कार्यालयात पोचलेली सांगलीची सगळी मंडळी, दोन्ही हात जोडून तुमचं स्वागत.

‘सहकारनगरच्या आत्या, तुम्ही कुठे बसला आहात? दाजींची चार वर्षं तुमच्या घरी गेली. परीक्षेच्या रात्री तुम्ही त्यांच्यासाठी जागलात, आजारपणात उशाशी बसलात. ताईला आज जे माणूस मिळालंय, त्यात तुमच्या हातचं पुष्कळ आहे. आमच्या घरातर्फे तुमचे आभार.

‘आता ताईबद्दल. मी दहावीला होतो, ती नोकरीला लागली होती. रात्री साडेनऊला घरी यायची, जेवायची आणि माझ्यासमोर भूमितीची वही उघडून बसायची. तिला झोप यायची तेव्हा ती उभी राहून शिकवायची. मला गणितात किती मिळाले ते मी विसरलो, ती उभी राहायची ते विसरलो नाही.

‘दाजी, पहिल्यांदा घरी आलात तेव्हा चहा झाल्यावर तुम्ही कप उचलून स्वयंपाकघरात नेऊन विसळून ठेवलात. आई मला नंतर म्हणाली, “मला बाकी काही विचारायचं नाही.” आज सकाळी तुमचा कान पिळला, तो रीत म्हणून. मनात तुमच्याबद्दल कौतुकच होतं.

‘आई, बाबा, तुम्ही दोघं सकाळपासून बसला नाहीत. दोन मिनिटं खाली बसा, ताईला बघा.

‘मी धाकटा, मला आशीर्वाद देता येत नाही. मी शुभेच्छा देतो : तुम्ही दोघं एकमेकांसाठी असेच जागत राहा. आशीर्वाद तुम्ही सगळ्यांनी द्यायचा आहे. ज्यांच्या हातात ग्लास आहे त्यांनी ग्लास उंच करा, बाकीच्यांनी टाळ्यांची तयारी ठेवा. मी “नांदा” म्हणतो, पुढचं तुम्ही म्हणा.’

लिहिलेलं एवढंच. ‘बस’चं वाक्य त्या दिवशी सकाळी घातलं, कारण मंडळी खरंच वेळेआधी आली होती. एखादी जागा अशी मोकळी ठेवावी. भूमितीच्या वाक्यानंतर मला थांबावं लागलं, आणि पुढचं कपाचं वाक्य साधं होतं म्हणून सावरता आलं.

भाषण संपल्यावर काय करायचं?

स्टेजवर रेंगाळू नका. साउंडवाल्याच्या हातात माइक द्या, जोडप्याला भेटा आणि खाली उतरून ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलंत त्यांना वाकून नमस्कार करा. मी आजींना नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझा हात धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, ‘तुझं जेवण झालं का?’ त्यांचा पन्ह्याचा ग्लास तसाच भरलेला होता. तो त्यांनी मला दिला.